पोषणाच्या पुड्यांचा भाव: आहार समस्येची दुसरी बाजू, आकड्यांसह

आहार समस्या लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या प्रत्येक अभ्यासक्रमात पहिल्या काही तासांतच येते. शरीराला ठरावीक पोषण लागते, बाजारात पदार्थांचे भाव ठरलेले आहेत, तर गरज भागवणारा सर्वांत स्वस्त आहार कोणता? हा ग्राहकाचा प्रश्न झाला. त्याच आकड्यांतून एक दुसरा प्रश्न तयार होतो, त्याला द्वैत प्रश्न किंवा ड्युअल म्हणतात. तो विक्रेत्याचा प्रश्न आहे. हा विक्रेता तांदूळ-डाळ विकत नाही, शुद्ध पोषणाच्या पुड्या विकतो: एक पुडी उष्मांकांची, एक प्रथिनांची. त्या पुड्यांना त्याने काय भाव लावावा?

बहुतेक ठिकाणी ड्युअल म्हणजे कोष्टक आडवे करून लिहिण्याची कृती म्हणून शिकवला जातो आणि उत्तरातल्या संख्यांचा अर्थ मागेच राहतो. इथे एकच छोटे उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवू. कागद-पेन्सिल पुरेल.

## उदाहरणाची मांडणी

एका प्रौढ माणसाची दिवसाची गरज २,४०० किलोकॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिने धरू. हिशेब सोपा व्हावा म्हणून उष्मांक हजार किलोकॅलरीच्या एककात आणि प्रथिने १० ग्रॅमच्या एककात मोजू. म्हणजे गरज झाली २.४ आणि ६. पुढचे पोषणाचे आकडे कच्च्या पदार्थाच्या एका किलोसाठी, पूर्णांकाजवळ आणलेले आहेत. भाव नमुन्यादाखल घेतले आहेत. आपल्या वाण्याकडचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा करता येईल.

| पदार्थ (१ किलो) | उष्मांक (हजार किकॅ) | प्रथिने (१० ग्रॅम) | भाव (रु.) |
|---|---|---|---|
| तांदूळ | ३.५ | ७ | ४२ |
| ज्वारी | ३.५ | १० | ४८ |
| हरभरा | ३.६ | १७ | ८५ |
| तूरडाळ | ३.४ | २२ | १४० |
| शेंगदाणे | ५.६ | २५ | १४० |
| दूध | ०.६७ | ३.२ | ६० |

ग्राहकाला सहा संख्या ठरवायच्या आहेत: कोणता पदार्थ किती किलो. अटी दोन: उष्मांक किमान २.४, प्रथिने किमान ६. खर्च कमीत कमी हवा.

विक्रेत्याला मात्र दोनच संख्या ठरवायच्या आहेत. हजार किलोकॅलरीच्या पुडीचा भाव ‘उ’ रुपये आणि १० ग्रॅम प्रथिनांच्या पुडीचा भाव ‘प’ रुपये. त्याच्या अटी सहा, प्रत्येक पदार्थामागे एक. ग्राहकाच्या प्रश्नात सहा मिती असल्याने तो कागदावर काढता येत नाही. विक्रेत्याचा दोन मितींत बसतो. पोषक घटक थोडे आणि पदार्थ पुष्कळ असतील तेव्हा ड्युअल हातात घेण्याचे हे पहिले व्यावहारिक कारण.

## विक्रेत्याची अट कुठून येते

एक किलो तांदळातले पोषण पुड्यांतून घ्यायचे तर ३.५ पुड्या उष्मांकांच्या आणि ७ पुड्या प्रथिनांच्या लागतील. त्यांची किंमत ३.५उ + ७प. ही किंमत ४२ रुपयांपेक्षा जास्त झाली, तर तेवढ्याच पोषणासाठी ग्राहक पुड्या न घेता तांदूळ घेईल. म्हणून विक्रेत्याला पाळावे लागते:

```
तांदूळ:    ३.५उ +   ७प ≤ ४२
ज्वारी:    ३.५उ +  १०प ≤ ४८
हरभरा:     ३.६उ +  १७प ≤ ८५
तूरडाळ:    ३.४उ +  २२प ≤ १४०
शेंगदाणे:   ५.६उ +  २५प ≤ १४०
दूध:      ०.६७उ + ३.२प ≤ ६०
उ ≥ ०,  प ≥ ०
कमाई २.४उ + ६प जास्तीत जास्त
```

इथे एक शंका हमखास येते. एखाद्याच पदार्थाची अट थोडी मोडली तर काय बिघडते? ग्राहक तेवढा पदार्थ बाजारातून घेईल, उरलेल्या पुड्या तर आपल्याकडूनच घेईल ना? आकड्यांतच पाहू. समजा विक्रेत्याने उ = ७ आणि प = २.५ ठेवले. तांदळाची अट बरोबर ४२ वर पाळली जाते. ज्वारीची मात्र २४.५ + २५ = ४९.५ होते, म्हणजे दीड रुपयाने मोडते. सगळी गरज पुड्यांतून भागली तर कमाई ३१.८० रुपये दिसते.

पण ग्राहक तसे करणार नाही. तो ६०० ग्रॅम ज्वारी २८.८० रुपयांना घेईल, त्यातून प्रथिने पूर्ण ६ मिळतील आणि उष्मांक २.१ मिळतील. उरलेल्या ०.३ साठी तो उष्मांकांची पुडी २.१० रुपयांना घेईल. त्याचा एकूण खर्च ३०.९०, आणि त्यातले विक्रेत्याकडे गेले फक्त २.१० रुपये. दीड रुपयाच्या लोभापायी जवळजवळ सगळा धंदा गेला.

## आकृतीवर उत्तर

आडव्या अक्षावर उ, उभ्यावर प घ्या आणि सहा रेषा काढा. हरभरा, तूरडाळ, शेंगदाणे आणि दूध यांच्या रेषा बाहेर पडतात. चालणाऱ्या भावांचा प्रदेश तांदूळ आणि ज्वारी या दोनच रेषा ठरवतात. त्याचे कोपरे चार:

| उ | प | कमाई २.४उ + ६प |
|---|---|---|
| ० | ० | ० |
| १२ | ० | २८.८० |
| ८ | २ | ३१.२० |
| ० | ४.८ | २८.८० |

सर्वोत्तम भाव: हजार किलोकॅलरीला ८ रुपये, १० ग्रॅम प्रथिनांना २ रुपये. कमाई ३१.२० रुपये.

आता ग्राहकाचे उत्तर याच कोपऱ्यातून काढता येते. (८, २) वर तांदूळ आणि ज्वारीच्या अटी बरोबरीने पाळल्या जातात, बाकीच्या चार ढिल्या आहेत. म्हणून ग्राहक फक्त तांदूळ आणि ज्वारी घेईल. दोन्ही पुड्यांचे भाव शून्याहून जास्त आहेत, म्हणजे दोन्ही गरजा बरोबर भागतील, वर काही शिल्लक राहणार नाही. दोन समीकरणे झाली:

```
३.५त + ३.५ज = २.४
  ७त +  १०ज = ६
```

पहिल्याची दुप्पट दुसऱ्यातून वजा केली की ३ज = १.२, म्हणजे ज्वारी ४०० ग्रॅम. तांदूळ २/७ किलो, सुमारे २८६ ग्रॅम. खर्च १९.२० + १२ = ३१.२० रुपये. ग्राहकाचा कमीत कमी खर्च आणि विक्रेत्याची जास्तीत जास्त कमाई पैशापर्यंत सारखी.

## ती सारखी का येते

ग्राहकाची कोणतीही टोपली घ्या, फक्त तिने गरज भागवलेली असावी. विक्रेत्याचे कोणतेही भाव घ्या, फक्त ते अटींत बसलेले असावेत. टोपलीतला प्रत्येक पदार्थ त्याच्यातल्या पोषणाच्या पुडी-किमतीएवढा किंवा तिच्याहून महाग आहे, कारण विक्रेत्याची अटच तशी आहे. म्हणून टोपलीचा खर्च हा टोपलीतल्या पोषणाच्या पुडी-किमतीहून कमी असू शकत नाही. आणि टोपलीत गरजेइतके किंवा जास्त पोषण आहे, भाव ऋण नाहीत, म्हणून ती पुडी-किंमत गरजेच्या पुडी-किमतीहून कमी असू शकत नाही.

```
टोपलीचा खर्च ≥ टोपलीतल्या पोषणाची पुडी-किंमत ≥ विक्रेत्याची कमाई
```

याचा उपयोग ताबडतोब होतो. कुणी ३१.२० रुपयांचा आहार आणून ‘हा सर्वांत स्वस्त आहे’ असे म्हटले, तर सगळे आहार तपासायची गरज नाही. (८, २) हे भाव सहा ओळींत बसतात आणि गरजेची किंमत ३१.२० होते एवढे दाखवले की पुरे. यापेक्षा स्वस्त आहार असूच शकत नाही.

साखळीतल्या दोन्ही ठिकाणी बरोबरी यायची असेल तर काय व्हावे लागेल, हे पाहिले की दोन नियम आपोआप मिळतात. पहिला: जो पदार्थ आहारात आहे, त्याचा बाजारभाव त्यातल्या पोषणाच्या किमतीएवढाच असतो, जो त्याहून महाग, तो आहारात नसतो. दुसरा: ज्या पुडीचा भाव शून्याहून जास्त, ती गरज बरोबर भागते, जो घटक गरजेपेक्षा जास्त मिळतो, त्याच्या पुडीचा भाव शून्य. बाकी सगळे अर्थ या दोन नियमांतूनच निघतात.

## अंदाजी आहारापासून सुरुवात

पोषक घटक तीन-चार झाले की आकृती उपयोगी पडत नाही. मग रीत अशी: एक शक्य आहार धरा, त्यावरून भाव काढा, त्या भावांनी इतर पदार्थ तपासा.

भात आणि हरभरा असा आहार धरू. दोघांच्या अटी बरोबरीने लिहायच्या:

```
३.५उ +  ७प = ४२
३.६उ + १७प = ८५
```

पहिल्यावरून उ = १२ − २प. दुसऱ्यात घातल्यावर ४३.२ + ९.८प = ८५, म्हणून प ≈ ४.२७ आणि उ ≈ ३.४७. भात सुमारे ५६० ग्रॅम, हरभरा सुमारे १२२ ग्रॅम, खर्च ३३.९२ रुपये.

आता या भावांनी ज्वारी तोलायची. तिच्यातले पोषण ३.५ × ३.४७ + १० × ४.२७, म्हणजे सुमारे ५४.८० रुपयांचे. बाजारात ती ४८ ला मिळते. म्हणजे दर किलो ज्वारीमागे ६.८० रुपये वाचतील. ज्वारी आत घेत गेलो की हरभरा कमी होत जातो आणि ४०० ग्रॅम ज्वारीला हरभरा शून्य होतो. बचत ०.४ × ६.८० = २.७२. नवा खर्च ३३.९२ − २.७२ = ३१.२०. पुन्हा भाव काढले की (८, २) येतात, आणि आता एकही पदार्थ आपल्या पोषणाहून स्वस्त दिसत नाही. थांबायचे. सिम्प्लेक्स पद्धतीत पुढचा पदार्थ निवडण्याची पायरी म्हणजे नेमका हाच तोल आहे.

अंदाज चुकला तर तेही भावांवरून कळते. ज्वारी आणि हरभरा धरून पाहिले तर उ सुमारे −१.४५ येतो. ऋण भाव विक्रेत्याच्या अटींत बसत नाही, म्हणजे हा अंदाज चालणार नाही; आहाराचे वजन काढले तर हरभराही सुमारे −१२८ ग्रॅम येतो. तेव्हा ही जोडी सोडून पुन्हा मांडायचे.

## आहारात नसलेल्या पदार्थाचा हिशेब

(८, २) या भावांनी तूरडाळीच्या एका किलोतले पोषण २७.२ + ४४ = ७१.२० रुपयांचे ठरते. बाजारभाव १४०. फरक ६८.८० रुपये. पण रोज वरण तर हवेच. मग ५० ग्रॅम तूरडाळ आहारात ठेवायची ठरवली तर खर्च किती वाढेल? डाळीचे ७ रुपये जातील, पण तिच्या पोषणामुळे तांदूळ-ज्वारीत ३.५६ रुपये वाचतील. निव्वळ वाढ ३.४४ रुपये, म्हणजे ६८.८० ला ०.०५ ने गुणून येते तेवढी. आवडीनिवडीची किंमत मोजण्याची याहून नेमकी रीत नाही. सॉफ्टवेअरच्या उत्तरात याच फरकाला `Reduced Cost` म्हणतात. हरभऱ्यासाठी तो २२.२० आहे: हरभरा ६२.८० रुपयांपर्यंत उतरला तरच स्वस्त आहारात त्याला जागा मिळेल.

## पुडीच्या भावाचा अर्थ, आणि तो कुठपर्यंत खरा

प = २ याचा अर्थ: गरज आणखी ५ ग्रॅम प्रथिनांनी, म्हणजे अर्ध्या पुडीने, वाढली तर आहाराचा खर्च १ रुपयाने वाढेल. ही प्रथिनांची दुकानातली किंमत नव्हे. दुकानात प्रथिने सुटी मिळतच नाहीत. ती नेहमी उष्मांकांसोबत बांधून येतात. पुडीचा भाव हा त्या बांधलेल्या गाठोड्यातून वेगळा काढलेला वाटा आहे. म्हणूनच त्याला छाया किंमत किंवा शॅडो प्राइस म्हणतात.

हा भाव सगळीकडे सारखा राहत नाही. उष्मांकांची गरज २,४०० वरच ठेवून प्रथिनांची गरज बदलत नेली तर असे दिसते:

| प्रथिनांची गरज | १० ग्रॅमचा भाव प | हजार किकॅचा भाव उ | स्वस्त आहार |
|---|---|---|---|
| ४८ ग्रॅमपेक्षा कमी | ० | १२ | फक्त तांदूळ |
| ४८ ते सुमारे ६८.६ ग्रॅम | २ | ८ | तांदूळ आणि ज्वारी |
| सुमारे ६८.६ ग्रॅमच्या वर | ४.८ | ० | फक्त ज्वारी, उष्मांक शिल्लक |

४८ ग्रॅमपर्यंत प्रथिने भातासोबत फुकट येतात, म्हणून त्यांचा भाव शून्य. त्यानंतर तांदूळ काढून ज्वारी घालावी लागते: एक किलो बदलला तर ३ पुड्या प्रथिने मिळतात आणि ६ रुपये जास्त जातात, म्हणून पुडीला २ रुपये. सगळा तांदूळ संपला की बदलायला काही उरत नाही, प्रथिनांसाठी नुसती ज्वारी वाढवावी लागते आणि भाव एकदम ४.८ वर उडी मारतो. शॅडो प्राइस घेऊन ‘गरज दुप्पट झाली तर खर्च इतका’ असा गुणाकार करणारे इथेच फसतात. भावासोबत त्याची मर्यादाही नेहमी वाचायची.

आणि गरज बरोबर ४८ ग्रॅम असेल तर? तेव्हा प हा ० ते २ मधला कोणताही चालतो, कमाई तीच येते. सॉफ्टवेअर त्यातला एकच छापते. दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी आहार सारखा पण शॅडो प्राइस वेगळ्या दिल्या, तर चूक शोधत बसण्याआधी ही शक्यता तपासा: आहारात धरलेला एखादा पदार्थ शून्य किलो येतो आहे का ते पाहिले की कळते.

आणखी एक गोष्ट सवयीच्या विचाराला उलटी वाटते. ज्वारी ४८ वरून ४९ झाली. ग्राहकाचा खर्च ४० पैशांनी वाढला, कारण तो ४०० ग्रॅम ज्वारी घेतो. विक्रेता काय करेल? प्रथिनांचा भाव २.३३ करेल, पण उष्मांकांचा भाव ८ वरून ७.३३ ला उतरवेल. एक धान्य महाग झाले तर एका पोषक घटकाचा भाव उतरतो! कारण तांदळाचा भाव जागचा हललेला नाही. प्रथिने महाग केली की तांदळाशी टक्कर देण्यासाठी उष्मांक स्वस्त करावेच लागतात. हा क्रम ज्वारी सुमारे ५४.८० होईपर्यंत चालतो. त्यानंतर तिची जागा हरभरा घेतो. हा आकडा वर ज्वारी तोलताना आला होता तोच आहे.

## स्टिग्लरच्या आहारात महाग काय होते

या प्रश्नाचे मूळ रूप अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये मांडले: ७७ पदार्थ, ९ पोषक घटक, १९३९ चे भाव. तेव्हा नेमकी रीत हाती नसल्यामुळे त्यांनी अंदाजाने वर्षाला ३९.९३ डॉलरचा आहार काढला. १९४७ मध्ये जॅक लेडरमन यांच्या देखरेखीखाली नऊ जणांनी हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर सुमारे १२० मनुष्यदिवस खपून सिम्प्लेक्स पद्धतीने तो सोडवला. उत्तर ३९.६९ डॉलर आले. आहारात पाचच पदार्थ: गव्हाचे पीठ, गोमांसाचे यकृत, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा.

ड्युअल पाहिला की यातले खरे दुखणे कळते. पाच पदार्थांबरोबर पाचच घटकांना भाव आहे: उष्मांक, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व, रायबोफ्लेविन (ब२) आणि क जीवनसत्त्व. प्रथिने, लोह, थायमिन आणि नायसिन यांचे भाव शून्य. प्रथिनांची गरज ७० ग्रॅम होती, स्वस्त आहारात ती सुमारे १४७ ग्रॅम आली. पुड्यांच्या भावाने दिवसाचा खर्च जवळपास १०.९ सेंट होतो आणि त्याचे वाटे पाडले तर रायबोफ्लेविनवर ४.४ सेंट, उष्मांकांवर २.६, कॅल्शियमवर २.५, क जीवनसत्त्वावर १.१ आणि अ जीवनसत्त्वावर ०.२ जातात. पैसे पिठाला आणि घेवड्याला दिले जातात, पण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा रायबोफ्लेविनची अट पुरी करण्यात जातो. नुसती आहाराची यादी पाहून हे कुणाला सुचणार नाही.

यातून शून्य भावाचा अर्थही नीट समजतो. प्रथिनांचा भाव शून्य म्हणजे प्रथिने शरीराला नकोत असे नव्हे. इतर गरजा भागवताना ती इतकी मिळून गेली की आणखी थोडी मागितली तरी खर्च वाढत नाही, एवढेच.

## रेशनच्या धान्याची किंमत

एखाद्या पदार्थावर कमाल मर्यादा आली की ड्युअलमध्ये एक नवे पद येते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला दरमाणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि २०२३ पासून ते मोफत आहे. ते सगळे तांदूळच आहे असे धरू: दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम, भाव शून्य, पण त्याहून जास्त नाही.

विक्रेत्याच्या बाजूने या मर्यादेला ‘र’ हा भाव मिळतो, म्हणजे रेशनच्या एका किलोच्या हक्काची किंमत. अट अशी होते: ३.५उ + ७प − र ≤ ०. कमाईतून मर्यादा × र वजा होते. भाव (८, २) असताना र = ४२ येतो. कुटुंब अजूनही थोडा तांदूळ बाजारातून घेत आहे, म्हणून रेशनचा प्रत्येक किलो बाजाराचा एक किलो वाचवतो. दिवसाला ७ रुपये वाचतात, खर्च २४.२० वर येतो.

आता समजा हक्क दिवसाला ४०० ग्रॅम झाला. बाजारातला तांदूळ बंद होतो, ज्वारी ३२० ग्रॅम लागते, खर्च १५.३६. उष्मांक शिल्लक पडतात, उ शून्य होतो, प ४.८ होतो आणि र ३३.६० वर उतरतो. रेशनचा शेवटचा किलो आता ४२ रुपयांचा राहिला नाही, कारण तो बाजारातल्या तांदळाऐवजी ज्वारी वाचवू लागला आहे. अनुदानाचे मूल्य ‘वाटलेले किलो × बाजारभाव’ असे सरसकट धरले तर इथे ते जास्त मोजले जाते. कुटुंबाच्या दृष्टीने त्या धान्याची किंमत त्याच्या उरलेल्या गरजांवर ठरते.

## संगणकावर करताना

पायथॉनमध्ये हेच उदाहरण असे:

```python
from scipy.optimize import linprog
bhav = [42, 48, 85, 140, 140, 60]
A = [[3.5, 3.5, 3.6, 3.4, 5.6, 0.67],
     [7, 10, 17, 22, 25, 3.2]]
garaj = [2.4, 6]
r = linprog(bhav,
            A_ub=[[-a for a in row] for row in A],
            b_ub=[-g for g in garaj], method="highs")
print(r.x, r.fun)
print(-r.ineqlin.marginals)   # 8, 2
print(r.lower.marginals)      # 0, 0, 22.2, 68.8, 45.2, 48.24
```

`linprog` असमानतेच्या अटी फक्त ‘≤’ रूपात घेते, म्हणून ‘किमान’ची अट चिन्ह बदलून द्यावी लागते. त्यामुळे `marginals` ऋण येतात. पुडीचे भाव हवे तर पुन्हा चिन्ह बदलायचे. हे विसरले तर विक्रेता ग्राहकाला पैसे देतो आहे असा अर्थ निघतो. एक्सेलच्या Solver मध्ये `Simplex LP` निवडा आणि उत्तर आल्यावर `Sensitivity Report` मागा. `Shadow Price` शेजारचे `Allowable Increase` आणि `Allowable Decrease` हेच वर सांगितलेल्या मर्यादा दाखवतात. एखाद्या पदार्थावर ‘पूर्ण पाकीटच घ्यायचे’ अशी पूर्णांकाची अट घातली तर तो अहवाल मिळत नाही, आणि ते योग्यच आहे: तिथे खर्च आणि कमाई सारखे येण्याची हमी राहत नाही.

एककांची चूक सर्वांत जास्त होते. पोषणाची कोष्टके १०० ग्रॅमसाठी असतात, भाव किलोचा असतो, कॅल्शियम मिलिग्रॅममध्ये आणि प्रथिने ग्रॅममध्ये. आहाराचे आकडे विचित्र आले नाहीत म्हणून चूक नाही असे समजू नका. पुडीचे भाव पाहा. एका घटकाची गरज गुणिले भाव हाच खर्चाचा ९५ टक्के वाटा येत असेल, तर त्या ओळीतली एकके आधी तपासा.

दुसरी चूक मॉडेलमध्ये नसलेल्या घटकांची. (८, २) या भावांनी एक किलो दुधाची किंमत ११.७६ रुपये येते, बाजारात ते ६० ला आहे. याचा अर्थ दूध पाचपट महाग विकले जाते असा नाही. आपल्या पुडीवाल्याकडे कॅल्शियम आणि ब१२ च्या पुड्याच नाहीत, म्हणून दुधातला तो भाग त्याला दिसत नाही. एखादा पदार्थ पोषणाच्या किमतीहून फारच महाग दिसला आणि तरी गरीब घरातही तो घेतला जात असेल, तर आपली कोणती ओळ लिहायची राहिली ते शोधायचे.

तांदूळ-ज्वारीच्या उत्तरातही असेच आहे. ज्वारीची प्रथिने लायसिनमध्ये कमी असतात, डाळींत ते भरपूर असते. आपण सगळी प्रथिने एकाच पुडीत घातल्यामुळे डाळ महाग ठरली. लायसिनची तिसरी ओळ घाला: विक्रेत्याकडे तिसरी पुडी येईल, तिला भाव लागला की तूरडाळीची आणि हरभऱ्याची पोषण-किंमत ज्वारीपेक्षा जास्त वेगाने वर जाईल, आणि ६८.८० व २२.२० चे ते फरक कमी होत जातील. यातल्या ज्या डाळीचा फरक आधी शून्यावर येतो, तीच आहारात आधी शिरते.